दुधाने पोट फुगतं, की दुधाच्या नावावर दुसरंच काही खपतंय?

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि मला वाचून दाखवला. दूध बंद, दही बंद, ताक बंद, पनीर बंद, तूप बंद, चहा कोरा. तीन महिने झाले. मग कागद टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तरी संध्याकाळी पोट फुगतंयच की हो डॉक्टर. आता काय पाण्यावर राहू?"

बाई म्हणजे शिक्षिका, वय 48, राहायला जुळे सोलापूरला, सकाळची शाळा. त्यांचं निदान त्यांनीच करून आणलं होतं: लॅक्टोज इन्टॉलरन्स, म्हणजे दुधातली साखर न पचणं. निदान चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. माझं लक्ष त्या कागदावरच्या एकाच शब्दाने वेधून घेतलं, तो म्हणजे तूप. चांगलं कढवलेलं तूप ही जवळजवळ निव्वळ चरबी असते, त्यात लॅक्टोज नावापुरतंही सापडत नाही. तूप सोडून ज्याला फरक पडेल असं वाटतं, त्याने दुधातलं नेमकं काय बाधतं याचा हिशोबच केलेला नसतो. हा हिशोब घरी करता येतो.

आधी पोटात काय होतं ते पाहू. लॅक्टोज ही दोन साखरी जोडून झालेली साखर आहे. जोड तुटल्याशिवाय ती आतड्याच्या भिंतीतून रक्तात जात नाही. हा जोड तोडायचं काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरचं लॅक्टेज नावाचं एन्झाइम करतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं, कारण त्याचं सगळं जेवणच दूध. अंगावरचं सुटल्यावर पुढच्या काही वर्षांत जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये ते कमी होत जातं. हा आजार नाही, शरीराची मूळ रीतच ती आहे. मोठेपणीही लॅक्टेज टिकून राहणं हा एका जनुकीय बदलाचा परिणाम. आपल्या देशात तो बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो. त्यामुळे पंजाबातला माणूस लोटाभर दूध रिचवतो आणि आपल्याकडच्याचं पोट गुरगुरतं, यात कोणाची ताकद कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही.

एन्झाइम कमी पडलं की न तुटलेलं लॅक्टोज पुढे सरकतं आणि जाताना आतड्यात पाणी ओढतं. मोठ्या आतड्यात जिवाणू वाटच बघत असतात. ते ही साखर आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. ओढलेल्या पाण्याने पोट गुरगुरतं आणि शौचाला पातळ होतं, वायूने गुबारा धरतो. हे सगळं व्हायला दूध तिथवर पोचावं लागतं. म्हणून त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो. सकाळी सातला प्यालेल्या दुधाने संध्याकाळी सहाला नव्याने पोट फुगू लागलं, हे सहसा जुळत नाही.

दुसरी गोष्ट, हा त्रास मापात चालतो. ॲलर्जीत चिमूटभराने गोंधळ होऊ शकतो, इथे किती ग्रॅम लॅक्टोज एका वेळी गेलं त्यावर सगळं ठरतं. 100 मिलिलिटर दुधात ते पाच ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे मोठा ग्लासभर, 250 मिलिलिटर दूध प्यालं की साधारण 12 ग्रॅम. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक लोकांना एवढं एका वेळी, विशेषतः जेवणाबरोबर, फारसा त्रास न होता चालतं. आणि आपल्या अर्ध्या कप चहात दूध किती? तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दीड-दोन ग्रॅम लॅक्टोज. चहाच्या दोन घोटांनी ज्याचं पोट फुगतं त्याने दुधाला दोष देण्याआधी चहाकडे, रिकाम्या पोटाकडे आणि चहाबरोबरच्या खारी-टोस्टकडे बघावं.

उलट्या बाजूने, आटवलं की साखर एकवटते. कोजागिरीला आटवून निम्मं केलेलं मसाला दूध एक ग्लास प्यालं की पोटात दोन ग्लासांचं लॅक्टोज गेलेलं असतं. खव्याचंही तसंच. लिटरभर दुधाचा पाव किलोच्या आतबाहेर खवा पडतो आणि दुधातलं सगळं लॅक्टोज त्यातच राहतं. पेढ्याने त्रास होतो आणि पनीरने होत नाही असं कोणी सांगितलं की मला ते लगेच पटतं, कारण पनीर करताना बरंचसं लॅक्टोज निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातं. श्रीखंडाच्या चक्क्याचंही तेच.

दह्याची गंमत वेगळी. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज स्वतःच खातात, दही आंबट होतं ते त्यामुळेच. शिवाय त्यांचं स्वतःचं लॅक्टोज तोडणारं एन्झाइम ते पोटात घेऊन येतात, आणि घट्ट दही जठरातून हळूहळू पुढे सरकतं. म्हणून दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना वाटीभर दही किंवा ताक खुशाल चालतं. कढी मात्र उकळलेली असते, तिच्यात जिवंत जिवाणू उरत नाहीत. ताक चालतं आणि कढीची दुसरी वाटी चालत नाही, असं म्हणणारा माणूस नखरे करत नसतो.

आता एक वाद मिटवून टाकू. "म्हशीचं जड, गायीचं हलकं" हे ऐकत आपण मोठे झालो. म्हशीच्या दुधात चरबी जास्त असते, जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून जड वाटतं हे खरं. पण लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखंच. शेळीच्या दुधातही फार वेगळं नाही. ए-टू म्हणून महाग विकलं जातं त्यातही लॅक्टोज तेवढंच, फरक असतो तो प्रथिनाच्या प्रकाराचा. आणि आपल्या म्हशीचं दूध तसंही ए-टूच असतं. उकळून, हळद घालून किंवा सुंठ टाकून लॅक्टोज तुटत नाही.

बाईंकडे वळू. मी त्यांना विचारलं, "दूध बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही का?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "सकाळचं थांबलं ना. आधी तिसऱ्या तासाला वर्गात उभं राहवायचं नाही. पोटात असं गुरगुरायचं की पहिल्या बाकावरची पोरं हसायची." पूर्वी त्या सात वाजता उपाशीपोटी स्टीलचा मोठा ग्लास भरून दूध पीत, हाडांसाठी म्हणून बहिणीने सांगितलेलं. नंतर घरी मापून पाहिला तर ग्लास 300 मिलिलिटरचा निघाला. म्हणजे रिकाम्या पोटी 15 ग्रॅम, आणि त्रास नऊच्या सुमारास. हे लॅक्टोजशी चोख जुळतं. संध्याकाळचं पोट फुगणं मात्र दूध होतं तेव्हाही होतं आणि दूध गेलं तेव्हाही राहिलं. त्यांनी दोन तक्रारी एकाच खात्यावर मांडल्या होत्या, म्हणून एक मिटूनही हिशोब जुळत नव्हता. दुधाने भागलं नाही म्हणून दही सोडलं, दह्याने भागलं नाही म्हणून तूप.

घरच्या चाचणीकडे जाण्याआधी मी काही प्रश्न विचारून घेतले, ते इथेही सांगायला हवेत. वजन आपोआप उतरतंय का, शौचातून रक्त जातंय का, संध्याकाळचा बारीक ताप येतो का, झोपेतून उठवणारं दुखणं किंवा जुलाब आहेत का, हिमोग्लोबिन कमी आहे का? यातलं एकही असेल तर दुधाचे प्रयोग करत बसू नये, सरळ तपासणी करावी. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच लपून राहतो. रक्त कमी आणि गव्हाने पोट बिघडतं असं वाटत असेल तर सिलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजारासाठी, टीटीजी ही रक्ताची तपासणी असते, आणि ती गहू खाणं चालू असतानाच करायची, नाहीतर खोटी निर्दोष येऊ शकते. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचं पोट नव्याने, जवळपास रोज फुगायला लागलं आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटू लागलं तर अंडाशयाचा विचार करावा लागतो. म्हणून बाईंची सोनोग्राफी करून घेतली, ती ठीक आली. आणि दूध प्यायल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं ही ॲलर्जी, तिथे घरी चाखून बघायचं नसतं.

चाचणीसाठी पहिली पायरी असते दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ बंद. बाईंचे तीन महिने झालेच होते. मी आधी तूप परत सुरू करायला लावलं, मग दुपारी अर्धी वाटी दही. काही झालं नाही. मग सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक आखलं. सकाळी सातला उपाशीपोटी नुसतं कोमट दूध, मापून. सोबत बिस्किट नाही, चहा नाही, पुढचे तीन तास फक्त पाणी. आदल्या रात्री साधा भात आणि थोडं वरण, उसळ नाही, कांदा नाही. दर तासाला वहीत शून्य ते दहा आकडा लिहायचा, पोट किती फुगलं, आणि शौचाला गेल्यास कशी झाली ते. सहा तास. एका चाचणीनंतर निदान दोन दिवस मोकळे.

100 मिलिलिटरला बाईंच्या वहीत सगळे शून्य. 200 ला साडेआठच्या सुमारास गुरगुर, आकडा दोन. 300 ला नऊ वाजता सात, दहाला एकदा पातळ, दुपारी बारापर्यंत आकडा पुन्हा एकवर.

चित्र स्पष्ट दिसतं, पण एक खोट आहे. आपण काय पितोय हे बाईंना माहीत होतं, आणि पोट फार ऐकतं मनाचं. ज्याने तीन महिने दुधाला शत्रू मानलं त्याचं पोट दुधाचा ग्लास बघूनच आवळतं. म्हणून त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला कामाला लावलं. लॅक्टोज-फ्री दूध बाजारात मिळतं, त्यात लॅक्टोज आधीच तोडलेलं असतं. बाकी प्रथिनं, चरबी, कॅल्शियम सगळं तसंच. अडचण एवढीच की तुटलेली साखर जिभेला जास्त गोड लागते, त्यामुळे पिणाऱ्याला लगेच कळतं. मुलीने साध्या दुधात चमचाभर साखर घालून गोडी जुळवली आणि दोन्हींत केशर-वेलची टाकली. चार सकाळी, 300 मिलिलिटरचा ग्लास, दोन वेळा हे आणि दोन वेळा ते. क्रम मुलीच्या मोबाइलमध्ये, आईला पत्ता नाही.

वही बघितली तेव्हा चार दिवसांचे सर्वांत मोठे आकडे असे होते: सहा, एक, दोन, सात. मुलीने क्रम सांगितला. पहिला आणि चौथा दिवस साधं दूध. दोष लॅक्टोजचाच, दुधातल्या दुसऱ्या कशाचा नाही, हे एवढ्यावरून पुरेसं कळलं. दोन्ही दुधांनी सारखंच पोट फुगलं असतं तर चरबी, प्रथिनं, नाहीतर मन, असा वेगळा रस्ता धरावा लागला असता.

यासाठी दवाखान्यातली चाचणीही असते, श्वासाची. उपाशीपोटी बहुधा 25 ग्रॅम लॅक्टोज पाण्यात देतात आणि तीन तास थोड्या थोड्या वेळाने श्वास नळीत फुंकायला लावतात. जिवाणूंनी केलेला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो, तो मोजतात. मूळ पातळीच्या वर 20 पीपीएम चढला की लॅक्टोज पचलं नाही असं धरतात. चाचणी चांगली आहे, पण 25 ग्रॅम म्हणजे अर्धा लिटर दूध एका दमात, हे लक्षात ठेवावं. ती पॉझिटिव्ह आली म्हणून चहातलं दूध सोडायचं कारण नाही. शिवाय आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर जिवाणू कमी होऊन निकाल फसवा येतो. रक्त देऊन शंभर पदार्थांची 'इन्टॉलरन्स' यादी देणारं पॅकेज मात्र घेऊ नका. त्यातली आयजीजी प्रथिनं तुम्ही काय खाता एवढंच सांगतात, काय सोसत नाही हे नाही.

उरली संध्याकाळ. इथे दूध निर्दोष सुटलं होतं, मग आरोपी कोण? वहीत दोन आठवड्यांचं जेवण लिहायला लावलं आणि जोडीला एक साधा रकाना ठेवला: आज शौचाला झाली का. बाईंनी हा रकाना लाजत भरला. दोन-तीन दिवसांतून एकदा. शाळेत स्वच्छतागृहाचा प्रश्न, म्हणून दुपारपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळ्यातलं सोलापूर. मोठं आतडं आधीच भरलेलं, त्यात दुपारी दीडला चवळीची किंवा हरभऱ्याची उसळ, कच्चा कांदा, गव्हाच्या पोळ्या. कडधान्यांत, कांद्यात आणि गव्हात अशा साखरी असतात ज्या तोडणारं एन्झाइम कोणत्याच माणसाकडे नसतं. त्या सगळ्यांच्याच पोटात आंबतात, पण पुढची वाट तुंबलेली असेल तर वायू अडकतो. ज्या दिवशी भाकरी आणि मुगाचं वरण, त्या दिवशी संध्याकाळचा आकडा तीनच्या आत. उसळीच्या दिवशी सहा-सात. सकाळी पोट साफ झालेल्या दिवशी उसळ असूनही चार.

उपाय त्यामुळे कंटाळवाणे निघाले. शाळेत बाटलीभर पाणी, रात्री इसबगोल, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, उसळ वाटीऐवजी अर्धी वाटी. दूध 150 मिलिलिटर, तेही पोह्यांबरोबर. दही-ताक हवं तेवढं. दूध पूर्ण टाळण्यात तोटा आहे. गायीच्या 250 मिलिलिटर दुधात 300 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि या वयात हाडांना ते सोडवत नाही.

बाईंच्या गोष्टीत नसलेल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या नेहमी दिसतात. एक, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी. सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर तिने पोट फुगतं, पातळ होतं, आणि माणूस दोष देतो झोपण्याआधीच्या दुधाला. गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी, या दोन तारखा शेजारी लिहाव्यात; गोळी मात्र आपणहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारलं तर ती बदलून किंवा जेवणाबरोबर देता येते. दुसरी, जोराचे जुलाब होऊन गेल्यानंतर काही आठवडे दूध न सोसणं. आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं, लॅक्टेज त्याच अस्तरावर असतं. अस्तर भरून आलं की पुन्हा चालू लागतं. अशा वेळी मोठ्यांनी थोडे दिवस दूध कमी करावं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध मात्र तोडायचं नाही.

महिन्याने बाई आल्या ते एक नवीन कोडं घेऊन. घरी खपली गव्हाची हुग्गी झाली होती, वर दूध आणि तूप. रात्री पोट टम्म. "आता सांगा, गहू की दूध?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी पहिली वाटी नुसत्या तुपाबरोबर खा, दूध नाही. त्यांनी पर्समधून वही काढली आणि तारखेसमोर लिहिलं: हुग्गी, तूप, दूध नाही. मग थोडा विचार करून कंसात जोडलं: एकच वाटी.